लासलगाव पंधरा, दिल्ली तेवीस: मधले आठ रुपये जातात कुठे?

प्रश्न: लासलगावला कांदा सरासरी १५ रुपये किलोने जातोय आणि त्याच दिवशी दिल्लीच्या आझादपूर मंडीत २३ रुपये भाव दिसतोय. मग मधले आठ रुपये व्यापारीच खातात का? खात असतील तर इतके व्यापारी असताना हा फरक मिटत का नाही? आणि आम्ही चार शेतकऱ्यांनी मिळून एक गाडी भरून पाठवली तर?

उत्तर:

या आठ रुपयांपैकी जवळजवळ पावणेआठ रुपये खर्चाचे आहेत. उरतात ते २५ पैसे, आणि तेही दिल्लीचा भाव दोन दिवस जागचा हलला नाही तरच. एका बाजारात स्वस्त घ्यायचे आणि दुसऱ्या बाजारात महाग विकायचे, याला शेअर बाजारात आर्बिट्राज म्हणतात. कांद्याच्या धंद्यात हा शब्द कुणी वापरत नाही, तिथे ‘पडतळ’ काढतात. माल समोरच्या बाजारात विकून होईपर्यंत किलोला किती पडतो, तो आकडा म्हणजे पडतळ. तो एकदा नीट मांडला की तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्यातूनच निघतात.

१६ टनांची एक गाडी धरू. खालचे दर हिशेबासाठी धरलेले आहेत. भाडे आणि मजुरी हंगामाप्रमाणे बदलते, तेव्हा त्या जागी तुमच्याकडचे त्या आठवड्याचे आकडे घाला. मांडणी मात्र हीच राहते.

लासलगावात लिलाव होतो तो ट्रॉलीतल्या सगळ्या मालाचा. त्या ट्रॉलीत मोठा कांदा असतो, बारीक कांदा म्हणजे गोल्टी असते, जोडकांदा असतो, थोडी खाद आणि माती असते. दिल्लीला हे सगळे जात नाही. म्हणून १६ टन भरण्यासाठी १७ टन, म्हणजे १७० क्विंटल घ्यावे लागतात. १,५०० रुपये क्विंटलने त्याचे २,५५,००० रुपये झाले. त्यावर शंभराला एक रुपया बाजार फी, म्हणजे २,५५० रुपये, खरेदीदार भरतो. खळ्यावर, म्हणजे व्यापाऱ्याच्या माल निवडून भरण्याच्या जागेवर, प्रतवारी झाली की १६० क्विंटल चांगला माल निघाला, ७ क्विंटल गोल्टी निघाली आणि ३ क्विंटल माती, पत्ती, सड यांत गेले असे धरू. गोल्टी ८०० रुपयांनी जागेवर विकली तर ५,६०० रुपये परत आले. म्हणजे निवडलेला १६० क्विंटल कांदा २,५१,९५० रुपयांना पडला, किलोला १५ रुपये ७५ पैसे. गाडी अजून खळ्यावरच उभी आहे आणि ७५ पैसे गेले.

पुढे गोणी. पन्नास किलोप्रमाणे ३२० गोण्या होतात. रिकामी गोणी, निवडणाऱ्या बायकांची मजुरी, भरणे, शिवणे आणि गाडीत चढवणे मिळून गोणीमागे ५० रुपये धरले तर १६,००० रुपये, किलोला एक रुपया. लासलगाव ते दिल्ली साधारण बाराशे किलोमीटर. टनाला ४,००० रुपये भाडे धरले तर ६४,००० रुपये, किलोला चार रुपये. पैसे शेतकऱ्याला लगेच द्यायचे आणि दिल्लीहून यायला पंधरा दिवस लागायचे, तेव्हा वर्षाला बारा टक्क्यांनी त्या रकमेचे व्याज १,६०० रुपयांच्या आसपास होते. तिथली उतराई गोणीला पाच रुपये, म्हणजे आणखी १,६००. एकूण झाले ३,३५,१५० रुपये.

आता नवख्या माणसाच्या हिशेबात हमखास राहून जाणाऱ्या दोन गोष्टी. पहिली म्हणजे घट. वाटेत कांदा सुकतो, थोडा सडतो. १६० क्विंटल भरलेला माल तिथल्या काट्यावर तेवढा भरत नाही. दोन टक्के घट धरली तर १५६.८ क्विंटल उरतो. दुसरी म्हणजे आडत्याचे कमिशन. कायद्याने ते कुणी द्यायचे हा प्रश्न वेगळा. तुमच्या हातात येणाऱ्या हिशेबपट्टीत काय कापून येते, ते महत्त्वाचे. विक्रीच्या सहा टक्के कापले जातात असे धरू. म्हणजे शंभर रुपयांना विकले तर ९४ हातात.

१५६.८ क्विंटलच्या ९४ टक्क्यांतून ३,३५,१५० रुपये परत यायचे असतील, तर भाव निघाला पाहिजे २,२७४ रुपये क्विंटल. ही झाली पडतळ. दिल्लीत २,३०० मिळाले तर गाडीमागे सुटतात ३,८५० रुपये. सव्वातीन लाखांहून जास्त रक्कम पंधरा दिवस अडकवून, सगळी जोखीम घेऊन एवढेच. आणि गाडी पोहोचेपर्यंत दिल्ली २,२०० वर आली, तर १०,९०० रुपयांचा तोटा. या गाडीत दिल्लीच्या भावातला एक रुपया म्हणजे १४,७०० रुपये, हे लक्षात ठेवा.

आता दुसरा प्रश्न, फरक मिटत का नाही. फरक मिटतो, पण शून्यापर्यंत नाही, पडतळीपर्यंत. दिल्लीत २,७०० भाव असता आणि लासलगाव १,५०० वरच असते, तर गाडीमागे ६२,००० रुपयांहून जास्त सुटले असते. असा फरक सकाळी फोनवर कळला की दुपारपर्यंतही टिकत नाही. कसा टिकत नाही, ते पाहण्यासाठी हिशेब उलटा करा, कारण लिलावात उभा असलेला खरेदीदारही तो उलटाच करतो. तो लासलगावच्या भावापासून सुरुवात करत नाही. दिल्लीच्या भावातून कमिशन आणि घट काढतो, त्यातून भाडे, गोणी, व्याज, उतराई वजा करतो, प्रतवारीचे नुकसान काढतो आणि जे उरते ते ट्रॉलीवर बोलतो. वरचेच आकडे घेतले तर दिल्ली २,३०० असताना तो जास्तीत जास्त १,५२२ पर्यंत जाऊ शकतो. दिल्ली २,७०० झाली तर १,८६५ पर्यंत. तिथे कुणी १,६०० वर थांबला, तर शेजारचा १,६५० बोलून ट्रॉली घेऊन जातो, कारण त्यालाही तीच बेरीज दिसते आहे. कुणी शेतकऱ्याचे भले करायला भाव वाढवत नाही. ट्रॉली हातची जाऊ नये म्हणून वाढवतो, आणि बोली पडतळीला टेकते तिथे थांबते.

इथे एक गोष्ट बारकाईने पाहा. दिल्ली ४०० रुपयांनी वाढली, पण लासलगावला जास्तीत जास्त ३४३ रुपयेच वाढ झाली. भाडे आणि गोणी रुपयांत ठरलेली असतात, ती भावाबरोबर वाढत नाहीत. कमिशन, घट आणि बाजार फी मात्र शेकड्यावर चालतात, आणि प्रतवारीत फेकला जाणारा मालही त्या दिवसाच्या भावानेच घेतलेला असतो. भाव चढला की हे सगळे आपला वाटा वाढवून घेतात. म्हणून दिल्लीची वाढ शेतकऱ्यापर्यंत पूर्ण पोहोचत नाही, आणि दिल्लीची घसरणही पूर्ण पोहोचत नाही. मात्र एकूण भाव कमी असतो तेव्हा ठरलेले भाडे फार बोचते. दिल्लीत कांदा ४० रुपये असताना चार रुपये भाडे म्हणजे दहावा हिस्सा. तोच कांदा १२ रुपये असताना भाडे एक तृतीयांश खाते. मंदीत लासलगावचा भाव दिल्लीपेक्षा जास्त टक्क्यांनी पडलेला दिसतो, त्याचे मुख्य कारण हेच आहे.

ही झाली खरेदीच्या टोकाची ओढ. विक्रीच्या टोकाला उलटी ओढ लागते, आणि माणसे बुडतात ती तिथे. सकाळी दिल्लीचा भाव कळला, दिवसभर खरेदी आणि भराई झाली, संध्याकाळी गाडी मुंबई-आग्रा महामार्गाला लागली, तर धुळे, इंदूर, ग्वाल्हेर, आग्रा करत ती दोन दिवसांनी पोहोचते. तुम्ही ज्या भावावर निघालात तो भाव दोन दिवसांपूर्वीचा. त्या भावावर तुम्ही एकटे निघालेले नसता. लासलगाव, पिंपळगाव, मनमाड, येवला, सगळीकडच्या खळ्यांवर तोच फोन गेलेला असतो. सगळ्यांच्या गाड्या एकाच पहाटे आझादपूरच्या दारात उभ्या राहतात आणि तेवीसचे एकवीस होतात. फरक मिटवणारे आपणच असतो आणि मार खाणारेही आपणच. शेअर बाजारात एकाच कंपनीचा शेअर मुंबईच्या एका एक्स्चेंजवर घेऊन दुसऱ्यावर त्याच क्षणी विकता येतो, म्हणून तिथला फरक काही पैशांचाच उरतो. कांद्यात खरेदी आणि विक्री यांच्यामध्ये ४८ तास असतात. त्यामुळे काटेकोर अर्थाने हा आर्बिट्राज नाही, भावाची जोखीम घेतलेला व्यापार आहे.

मुरलेले खळेवाले या ४८ तासांवर एकच उपाय करतात. आधी विकतात, मग घेतात. दिल्लीच्या खरेदीदाराशी प्रत, गोणीचे वजन आणि पोहोच भाव फोनवर ठरवून घ्यायचा, थोडी आगाऊ रक्कम घ्यायची आणि तेवढ्याच ऑर्डरचा माल लिलावात उचलायचा. मग खळेवाल्याची कमाई गोणीमागे ठरलेली असते, थोडी पण पक्की. यातही भोक आहे. भाव पडला तर समोरचा ‘माल डागी आहे’, ‘प्रत हलकी आहे’ म्हणून गाडी दारात उभी करतो आणि भाव तोडून मागतो. म्हणून भराईच्या वेळी चार-पाच गोण्या उघडून फोटो काढून पाठवायचे, काट्याची पावती पाठवायची आणि त्याचे ‘ठीक आहे’ लेखी मोबाइलवर आल्याशिवाय गाडी सोडायची नाही.

ऑर्डर नसेल तर निदान भावाबरोबर आवक बघा. नुसता चढा भाव खोटा असू शकतो. दोन दिवस पाऊस किंवा सुट्टी होती, गाड्या कमी पोहोचल्या, म्हणून भाव चढला असेल, तर तुमची गाडी जाईपर्यंत तो खाली येतो. आडत्याला तीन प्रश्न विचारा: आज किती गाड्या आल्या, कालच्या किती शिल्लक आहेत, वाटेवर किती आहेत. भाव चढतोय आणि शिल्लकही वाढतेय असे दिसले, तर तो भाव कागदावरचा आहे, त्या भावाने माल उचललेला नाही. भाव चढतोय आणि शिल्लक संपतेय, तर मागणी खरी आहे. सरकारी साठ्यावरही नजर हवी. २० ऑक्टोबर २०२४ रोजी लासलगावहून रेल्वेने १,६०० टन कांदा दिल्लीच्या किशनगंज स्थानकात उतरला. आपल्या हिशेबातल्या १०० गाड्या एकाच दिवशी आल्यासारखे ते झाले. अशी मालगाडी निघते तेव्हा तशी बातमी आधी येते, लपून काही होत नाही.

दोन बाजारांचे भाव शेजारी ठेवण्याआधी ते एकाच वस्तूचे आहेत का हेही पाहावे लागते. फरक मोठा दिसतो त्यातल्या बऱ्याच वेळा चूक इथेच असते. लासलगावचा ‘सर्वसाधारण’ भाव हा मिसळ मालाचा असतो. दिल्लीचा जो भाव लोक एकमेकांना सांगतात तो बहुधा निवडलेल्या, डबल पत्तीच्या, एकसारख्या कांद्याचा, म्हणजे तिथला कमाल भाव असतो. सरासरीची तुलना सरासरीशी आणि वरच्या प्रतीची वरच्या प्रतीशीच करायची. हिवाळ्याच्या तोंडावर आणखी घोळ होतो, कारण साठवणुकीच्या चाळीतला जुना उन्हाळ कांदा आणि नवा लाल कांदा एकाच बाजारात, एकाच नावाखाली, वेगवेगळ्या भावाने विकले जातात. लाल कांदा ओला असतो, लवकर विकावाच लागतो. वाटेतली त्याची घट दोन टक्क्यांत भागत नाही. आणि मापही विचारून घ्या. वाशीत भाव दहा किलोचा बोलतात, उत्तरेत ४० किलोच्या मणाने सांगणारे आजही भेटतात. ‘९२०’ हा आकडा ऐकला तर तो मणाचा आहे, क्विंटलला २,३०० होतात, हे आधी लक्षात आले पाहिजे.

घटीबद्दल थोडे जास्त सांगतो, कारण तिथे हिशेब चुकला की बाकी सगळे बरोबर असूनही उपयोग नाही. दोन टक्के घट सुकलेल्या उन्हाळ कांद्याची धरली आहे. कांदा दमट असताना गोणीत भरला, किंवा ताडपत्री चारही बाजूंनी आवळून बांधली, की आत वाफ धरते. मधल्या थरातल्या गोण्या गरम होतात, काजळी म्हणजे काळी बुरशी पसरते आणि मान मऊ पडते. पोहोचल्यावर खालच्या थरातल्या गोण्यांवर ओले डाग दिसले आणि आंबूस वास आला, तर घट आठ-दहा टक्क्यांकडे गेली असे समजा. शिवाय उरलेला मालही डागी भावाने जातो. वरच्या हिशेबात घट दोनऐवजी सहा टक्के झाली, तर पडतळ २,२७४ वरून २,३७१ होते, किलोला जवळजवळ एक रुपया वाढ. पावसाळ्यात गाडीची पुढची बाजू थोडी उघडी ठेवून वारा खेळता ठेवतात, आणि चाळीतून काढलेला माल एक दिवस सावलीत पसरून मगच भरतात. तो एक दिवस वाचवण्याच्या नादात गाड्या वाया जातात.

भाव एकमेकांना बांधून ठेवणारा दोर हा मालाचा असतो, बातमीचा नाही. नाशिकचा कांदा दिल्लीला जात असेपर्यंतच लासलगाव आणि दिल्ली बांधलेले राहतात. राजस्थानातल्या अलवरचा खरीप कांदा बाजारात आला की दिल्लीला तो पुष्कळ जवळ पडतो. तो पुरेसा आला तर दिल्लीचा भाव आपल्या पडतळीच्या खाली जातो आणि इकडून गाडी निघत नाही. मग फरक आठऐवजी चार रुपयेही होईल, तीनही होईल, आणि तो कुणी मिटवायला जाणार नाही, कारण दिल्लीहून लासलगावला कांदा आणून कुणी विकत नाही. अशा वेळी दिल्लीचा भाव बघून लासलगावचा अंदाज बांधणे व्यर्थ. उलट दिल्ली आणि कोलकाता यांच्यामध्ये कांद्याची एकही गाडी जात नसली तरी त्यांचे भाव एकमेकांना धरून चालतात, कारण दोन्हीकडे माल एकाच खळ्यावरून जातो. कोलकात्यात जास्त सुटते असे दिसले, की संध्याकाळी त्याच गाडीचे तोंड दिल्लीऐवजी तिकडे वळते. दिल्लीला एक गाडी कमी पोहोचते आणि तिथला भाव सावरतो. म्हणजे तिसऱ्या बाजारातूनही दोन बाजार बांधले जातात.

हा दोर वेळेवर बातमी न मिळाल्यानेही सैल पडतो. याचे मोजलेले उत्तम उदाहरण केरळातले आहे. १९९७ ते २००० या काळात कोळिकोड, मग कण्णूर, मग कासारगोड अशा क्रमाने किनाऱ्यावर मोबाइल सेवा आली. रॉबर्ट जेन्सन या अर्थतज्ज्ञाने तिथल्या तारलीच्या बाजारांचा अभ्यास केला. मोबाइल येण्याआधी जवळजवळ प्रत्येक होडी आपल्याच गावच्या किनाऱ्याला लागायची. एका किनाऱ्यावर गिऱ्हाईक नाही म्हणून मासळी टाकून द्यायची, आणि काही किलोमीटरवर गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जायचे. ५ ते ८ टक्के मासळी अशी वाया जात होती. फोन आल्यावर नाखवे समुद्रातूनच दोन-तीन किनाऱ्यांना विचारून होडी वळवू लागले. वाया जाणे जवळपास थांबले आणि किनाऱ्या-किनाऱ्यांतला भावाचा फरक वाहतुकीच्या खर्चापुरताच उरला. कोळ्यांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकाला मासळी ४ टक्क्यांनी स्वस्त झाली. दोघांचाही फायदा झाला तो पूर्वी फेकल्या जाणाऱ्या मासळीतून. कांद्यात ही बातमीची दरी आता राहिलेली नाही. लासलगावचा सकाळचा भाव तासाभरात देशभर कळतो, म्हणून इथला उरलेला फरक मुख्यतः भाडे, घट आणि कमिशनचा आहे. तो कमी करायचा तर ते तीन आकडे कमी करावे लागतील. व्यापारी बदलून तो कमी होणार नाही.

सरकार हा दोर कधी लांबवते, कधी कापते. १९ ऑगस्ट २०२३ ला कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागले. परदेशी गिऱ्हाईक बंदरावर किलोला २८ रुपये द्यायला तयार आहे असे धरा. शुल्क नसताना निर्यातदार बंदरावरच्या मालाला २८ पर्यंत जाऊ शकतो. ४० टक्के शुल्क लागले की त्याची मर्यादा २० वर येते, कारण २० वर ८ रुपये शुल्क मिळून २८ होतात. बाहेर भाव तोच, पण खळ्यावरची बोली आठ रुपयांनी लंगडी. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली तेव्हा तर दोरच कापला गेला. बाहेरचा भाव कितीही चढो, इथल्या ट्रॉलीवर त्याचा काही परिणाम होणार नव्हता. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क लागले. १३ सप्टेंबर २०२४ ला किमान मूल्य गेले आणि शुल्क २० टक्क्यांवर आले. १ एप्रिल २०२५ पासून शुल्क शून्य झाले. शुल्क गेले म्हणजे तेवढा भाव शेतकऱ्याला वाढून मिळेल, अशी अनेकांची अपेक्षा होती. तसे प्रत्येक वेळी होत नाही. शुल्क उठले की फरक दोन्हीकडून मिटतो, थोडा इथला भाव चढून आणि थोडा तिथला उतरून. त्या बाजारात पाकिस्तानचा किंवा आणखी कुणाचा कांदा आधीच भरलेला असेल, किंवा इथे एप्रिलमध्ये उन्हाळ कांद्याची आवक जोरात असेल, तर मिटणाऱ्या फरकाचा मोठा हिस्सा तिकडच्या उतरणीत जातो.

आता तुमची गाडी. तुमचा हिशेब व्यापाऱ्यापेक्षा दोन ठिकाणी वेगळा आहे. माल स्वतःचा असल्याने तुम्ही तो बाजार समितीत खरेदी करत नाही, म्हणून ती एक टक्का फी वाचते. आणि तुमची तुलना तोट्याशी नाही, लासलगावात आज मिळणाऱ्या पैशांशी आहे. १७० क्विंटल इथे १,५०० ने विकला तर २,५५,००० रुपये हातात, हमाली-तोलाईची कपात सोडून. तोच निवडून १६० क्विंटल दिल्लीला २,३०० ने विकला, तर कमिशन आणि घट जाऊन ३,३९,००० येतात. त्यातून गोणी, भाडे, व्याज, उतराई मिळून ८३,२०० वजा करा आणि गोल्टीचे ५,६०० मिळवा. हातात उरतात २,६१,४०० रुपये. इथल्यापेक्षा ६,४०० जास्त, चौघांत वाटले तर प्रत्येकी १,६००. दिल्लीचा भाव क्विंटलला ४३ रुपयांनी, म्हणजे किलोला ४३ पैशांनी उतरला, की हेही संपले. मंडीत दोन दिवसांत दोन रुपये फिरणे रोजचे असताना ४३ पैशांच्या फटीसाठी पहिलीच गाडी बाराशे किलोमीटर पाठवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

चौघांनी मिळून काम करायचे असेल तर वाशीपासून सुरुवात करा. अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, संध्याकाळी भरलेली गाडी पहाटे बाजारात असते, त्यामुळे बघितलेला आणि मिळालेला भाव यांत एका रात्रीचेच अंतर राहते. घट किरकोळ होते आणि विक्रीच्या वेळी तुमच्यापैकी एकाला स्वतः उभे राहता येते. चौघांच्या गोण्यांवर वेगवेगळ्या रंगाची खूण करा, नाहीतर एकाचा डागी माल सगळ्यांचा भाव पाडतो आणि नंतर कुणाचा कुठला हे सांगता येत नाही. गाडी निघण्याआधीच आडत्याकडून तीन गोष्टी ठरवून घ्या: पट्टीत कुठकुठली कपात होणार, वजन कुणाच्या काट्यावर धरणार आणि पैसे कितव्या दिवशी खात्यात जमा होणार. पहिल्या गाडीची पट्टी आली की तुमच्या आधीच्या हिशेबाशेजारी ठेवून ओळ-ओळ ताडून पाहा. जी ओळ सर्वांत जास्त चुकली असेल, बहुतेक घटीची किंवा प्रतवारीची असते, तो आकडा दुरुस्त करूनच दुसरी गाडी भरा.